आठ लाखांतले मोकळे किती?

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या छोट्या ट्रस्टचे हिशेब दरवर्षी ठरलेल्या नमुन्यात जातात. ताळेबंद शेड्यूल आठमध्ये, उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल नऊमध्ये. रकाने छापील, आकडे आपले. त्यामागे एक-दोन पानं टिपांची जोडलेली असतात आणि बहुतेक विश्वस्त ती न वाचताच सही करतात. त्यात त्यांचाही फारसा दोष नाही, कारण बऱ्याच टिपा गेल्या वर्षीच्या कागदावरून तारीख बदलून उतरवलेल्या असतात.

या टिपांचं खरं काम काय, हे पाहण्यासाठी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचा ट्रस्ट डोळ्यांसमोर धरू. ट्रस्ट कल्पित आहे, आकडेही समजुतीसाठी घेतलेले आहेत. ३१ मार्च २०२५ रोजी त्याच्याकडे ८,००,००० रुपयांच्या मुदत ठेवी आहेत, बचत खात्यात ६१,००० आणि रोख २,३००. एकूण ८,६३,३००. वार्षिक सभेत कुणीतरी विचारणारच: एवढे पैसे आहेत, मग अभ्यासिकेला इन्व्हर्टर का घेत नाही? ताळेबंदाच्या नुसत्या बेरजेवरून याचं उत्तर देता येत नाही. ते टिपांत सापडलं पाहिजे.

पहिली टीप हिशेबाच्या पद्धतीची. रोख पद्धत म्हणजे पैसा हातात आला किंवा हातातून गेला की नोंद. उपार्जित पद्धत म्हणजे येणं किंवा देणं तयार झालं की नोंद, पैसा नंतर का फिरेना. छोटे ट्रस्ट पूर्वीपासून रोख पद्धतीवर चालत आले आहेत आणि ते चालतंही, पण तसं टिपेत स्पष्ट लिहायला हवं. काहीच लिहिलं नाही, तर वाचणारा उपार्जित पद्धतच गृहीत धरतो.

गोंधळ होतो तो अर्धवट मिश्रणात. लेखापरीक्षणाची फी देणं म्हणून दाखवायची, पण ठेवीवर साचलेलं व्याज मात्र हातात पडेल तेव्हा धरायचं. मुदतीअंती एकदम व्याज देणारी ठेव असेल, तर बँक दरवर्षी साचलेलं व्याज हिशेबात घेते आणि कर कापला असेल तर तो आयकराच्या २६एएसमध्ये दिसतो. ट्रस्टच्या वहीत मात्र त्या व्याजाचा पत्ता नसतो. मग दोन आकडे का जुळत नाहीत, याचा खुलासा मागणारी नोटीस येऊ शकते. आपल्या वाचनालयाने ठेवी तिमाही व्याजाच्या घेतल्या आहेत. व्याज थेट बचत खात्यात पडतं, म्हणून हा प्रश्न आलेला नाही. अनुदानाबद्दलही एक ओळ हवी: मंजुरीचं पत्र आलं की उत्पन्न धरता, की रक्कम जमा झाली की? हप्ता ३१ मार्चच्या अलीकडे पडतो की पलीकडे, यावर त्या वर्षीची शिल्लक किंवा तूट ठरते.

आता निधींची टीप. सगळ्यांत जास्त जागा तिला द्यावी. कायम निधी म्हणजे ज्याची मूळ रक्कम शाबूत ठेवून फक्त व्याज वापरायचं, तो. वर्षाच्या सुरुवातीला तो ६,००,००० होता. एका देणगीदाराने १,००,००० दिले आणि सोबत सहीचं पत्र दिलं की ही रक्कम कायम निधीत ठेवावी. म्हणून अखेरीस ७,००,०००. ते पत्र महत्त्वाचं. देणगी कायम निधीची आहे हे देणाऱ्याने सांगायचं असतं, विश्वस्तांनी नंतर ठराव करून ठरवायचं नसतं. पावतीच्या स्थळप्रतीवर मागाहून ‘कॉर्पस’ असा शिक्का मारणारे खजिनदार मी पाहिले आहेत. त्या शिक्क्याने देणगीदाराची इच्छा सिद्ध होत नाही. शिवाय २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून अशा देणगीला आयकरातली सूट हवी असेल, तर ती रक्कम कायम निधीसाठीच वेगळी, कायद्याने मान्य केलेल्या प्रकारात गुंतवलेली असावी लागते. म्हणून टिपेत निधीच्या आकड्याशेजारी ठेवीचा आकडाही दाखवावा.

इमारत निधीची चाल वेगळी. सुरुवातीला २,४०,०००. वर्षात देणग्या १,८०,००० आणि त्या निधीच्या ठेवीवरचं व्याज १४,०००. एकूण ४,३४,०००. यातून अभ्यासिकेच्या खोलीवर ३,१०,००० खर्च झाले, उरले १,२४,०००. खर्च झालेली रक्कम इमारत निधीतून काढून ‘स्थावर मालमत्तेत गुंतलेला निधी’ अशा वेगळ्या नावाखाली न्यायची आणि मालमत्तेच्या बाजूला खोली ३,१०,००० ने वाढवायची. या देणग्या उत्पन्न-खर्च पत्रकाला वळसा घालून थेट निधीत गेल्या असल्या, तरी कायम निधीचं पत्र नसेल तर आयकराच्या गणितात त्या उत्पन्न म्हणून मोजायची तयारी ठेवावी लागते. तेही टिपेत एका वाक्यात यावं, नाहीतर विवरणपत्रातलं उत्पन्न वेगळं का, हे पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही.

नेहमीची चूक इथेच होते. खोली बांधून होते, मालमत्तेत दिसते, पण निधी ४,३४,००० वरच राहतो. ही चूक पकडायला हिशेबनीस असावं लागत नाही. कायम निधी आणि इमारत निधी यांची बेरीज करायची आणि ती ठेवी, बँक व रोख यांच्या बेरजेशी ताडून पाहायची. चुकीच्या ताळेबंदात निधी ११,३४,००० आणि पैसा ८,६३,३००, म्हणजे २,७०,७०० चा खड्डा. असा खड्डा दिसला की दोनच शक्यता उरतात. निधीची नोंद कमी करायची राहिली, किंवा राखून ठेवलेला पैसा खरोखरच पगारात आणि वीजबिलात गेला. पहिली नोंदीने सुटते, दुसरी सुटत नाही.

घसाऱ्याच्या टिपेत दर आणि पद्धत लिहिली की झालं. फक्त खोलीचा पूर्ण खर्च आयकरात ट्रस्टच्या कामावरचा खर्च म्हणून दाखवला असेल, तर तिथे पुन्हा तिचाच घसारा मागता येत नाही. वहीत तो लावायला हरकत नाही. भेट आलेल्या पुस्तकांची किंमत बहुधा कुणी धरत नाही. तसं असेल तर ‘भेट पुस्तकांचं मूल्य धरलेलं नाही’ एवढं सांगून वर्षभरात किती आली ती संख्या द्यावी.

रोख २,३०० कुणाकडे होती, हे तर शेड्यूल आठच विचारतं: बँकेत, विश्वस्तांकडे की व्यवस्थापकाकडे. तिथे नाव टाळून नुसतं ‘हातातील रोख’ लिहिलेलं आढळलं, तर मी मोजदादीचा कागद मागतो.

आता सभेतल्या प्रश्नाकडे. कायम निधीचे ७,००,००० पूर्ण ठेवीत आहेत. इमारत निधीच्या १,२४,००० पैकी १,००,००० ठेवीत, उरलेले २४,००० बचत खात्यात. म्हणजे ८,६३,३०० पैकी ८,२४,००० दुसऱ्या कामांसाठी बांधलेले. उरले ३९,३००. त्यातून लेखापरीक्षणाच्या फीचे १२,००० द्यायचे आहेत. ही फी वर्षाचा खर्च म्हणून वहीत आली असली, तरी ट्रस्टच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के कामावर खर्च झाले का, हे आयकरात पाहताना ती प्रत्यक्ष देईपर्यंत मोजली जात नाही. इन्व्हर्टरसाठी मोकळे आहेत २७,३००.