प्लूटो नेमका कुणाचा?

ऑक्टोबर 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात 69.42 कॅरटचा हिरा निघाला. अभिनेता रिचर्ड बर्टनने पत्नी एलिझाबेथ टेलरसाठी त्यावर बोली लावायला माणूस पाठवला होता आणि दहा लाख डॉलरची मर्यादा घालून दिली होती. बोली त्यापुढे गेली, हिरा कार्तिए या जवाहिऱ्यांनी नेला. बर्टन तेव्हा इंग्लंडमध्ये होता. बातमी ऐकून तो भडकला, फोनवर फोन करत राहिला आणि लगेच कार्तिएकडून, त्यांनी मोजले होते त्याहूनही जास्त पैसे देऊन, तो हिरा घेऊनच थांबला. मर्यादा त्याची त्यानेच ठरवलेली होती. पण हातातून निसटलं म्हटल्यावर त्याला राहवेना.

शुक्र-प्लूटो योग म्हणजे काय, हे कुणाला समजावायचं असलं की मी हा प्रसंग सांगते.

आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीस गुण, नाडी, मंगळ एवढं बघतात. त्यात प्लूटो येत नाही, येणारही नाही, कारण तो सापडलाच मुळी 18 फेब्रुवारी 1930 ला, अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत, क्लाइड टॉमबॉ या तरुणाच्या हातून. आता पंचांगात हर्षल-नेपच्यूनच्या शेजारी त्याचे अंश छापलेले असतात, पण दोन माणसांच्या नात्यात तो काय करतो याचं जे काही लिहिलं गेलं, ते बहुतेक पश्चिमेकडचं आहे आणि गेल्या पन्नासेक वर्षांतलं आहे. लिझ ग्रीन या ज्योतिषी बाईंनी 1984 च्या आपल्या पुस्तकात प्लूटोचा संबंध ग्रीकांच्या नियतीच्या देवतेशी जोडला. माणसाला स्वतःच्या इच्छेपलीकडचं काहीतरी ओढून नेतंय असं वाटतं, तिथे प्लूटो बघावा, अशी ही विचारसरणी आहे.

पद्धत साधी आहे. एकाच्या पत्रिकेतला शुक्र किंवा चंद्र घ्यायचा आणि दुसऱ्याचा प्लूटो त्याच्यापासून किती अंशांवर आहे ते मोजायचं. दोघे एकाच जागी असले तर युती, समोरासमोर असले तर प्रतियोग, काटकोनात असले तर केंद्रयोग. हे तीन योग कडक मानतात. नवपंचमात तीच ओढ असते, पण घर्षण कमी असतं.

शुक्र म्हणजे आपली आवड. कुणाबरोबर हसावं, काय नेसावं, पैसे कशावर उडवावेत, कोणत्या मैत्रिणीला भेटावं. या शुक्रावर दुसऱ्याचा प्लूटो आला की सुरुवातीला शुक्रवाल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे इतकं निरखून आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. तेच निरखणं पुढे पाळत होतं. साडी कुणासाठी नेसलीस, फोन इतका वेळ कुणाशी चालला होता, असे प्रश्न सुरू होतात. प्लूटोवाल्याला आतून एकच भीती असते, की ही व्यक्ती सुटून जाईल. शुक्रवालाही बिचारा गरीब गाय असतोच असं नाही. आपण थोडे दूर सरकलो की समोरचा कासावीस होतो हे त्याला पटकन कळतं, आणि तो ते वापरायला शिकतो.

चंद्राचं प्रकरण याहून खोल जातं. चंद्र म्हणजे झोप, भूक, आईचं घर, सवयीची उशी. शुक्रावरचा प्लूटो चारचौघांत दिसतो. चंद्रावरचा स्वयंपाकघरात दिसतो. चंद्रवाल्याचा चेहरा जरा उतरला तरी प्लूटोवाल्याला कळतं, आणि काय झालं ते वदवून घेतल्याशिवाय तो झोपू देत नाही. काहींना यात आईची माया वाटते. पण मनात आलेलं सगळं सांगायलाच हवं अशी सक्ती झाली की चंद्राला लपायला जागा उरत नाही. मग मनःस्थिती लपवण्याची सवय लागते, आणि त्या लपवण्यावरूनच पुढचं भांडण होतं.

आता बर्टन-टेलरच्या पत्रिका मांडून पाहू. टेलरचा जन्म 27 फेब्रुवारी 1932 चा, बर्टनचा 10 नोव्हेंबर 1925 चा. सायन पद्धतीने टेलरचा शुक्र मेषेत साधारण 17 अंशांवर आणि बर्टनचा प्लूटो कर्केत 15 अंशांच्या आसपास. म्हणजे केंद्रयोग, दोनेक अंशांच्या फरकाने. निरयन मांडलं तर दोन्हीतून तेविसेक अंश वजा होतात, राशी बदलतात, पण मधला कोन तोच राहतो. टेलरची जन्मवेळ रात्री अडीचची धरतात. त्या हिशेबाने तिचा चंद्र वृश्चिकेत 15 अंशांच्या जवळ येतो, बर्टनच्या प्लूटोशी जवळजवळ नेमका नवपंचम. दोघं रोममध्ये ‘क्लिओपात्रा’च्या सेटवर एकत्र आली तेव्हा दोघांचीही लग्नं झालेली होती. 1964 मध्ये त्यांनी लग्न केलं, 1974 मध्ये घटस्फोट घेतला, 1975 मध्ये बोट्स्वानात पुन्हा लग्न केलं आणि 1976 मध्ये पुन्हा घटस्फोट. प्रेम, भांडणं, दारू, दागिने, सगळं जगासमोर. पुस्तकातला शुक्र-प्लूटो तंतोतंत उभा राहतो.

बहुतेक लोक इथे थांबतात. मीही शिकत असताना इथेच थांबले होते. नंतर एकदा मी टेलरच्या इतर नवऱ्यांच्या पत्रिका काढल्या आणि माझी समजूत बदलली.

तिची लग्नं आठ, नवरे सात. पहिला कॉनरॅड हिल्टन, जन्म 1926. चौथा एडी फिशर, 1928. बर्टननंतरचा जॉन वॉर्नर, 1927. या तिघांचाही प्लूटो तिच्या शुक्राशी चार अंशांच्या आत केंद्रयोग करतो, आणि फिशरचा तर बर्टनपेक्षाही जवळून. पण हिल्टनबरोबरचा संसार वर्षभरही टिकला नाही आणि वॉर्नरबरोबरच्या लग्नात बर्टनच्या वेळचं वादळ कुणाला आठवत नाही. उलट माइक टॉड, ज्याच्या विमान अपघातातल्या मृत्यूने ती कोसळली आणि ज्याचं नाव बर्टनच्या बरोबरीने घेतलं जातं, त्याच्या प्लूटोचा तिच्या शुक्राशी वा चंद्राशी असा एकही जवळचा योग नाही.

याचं कारण प्लूटोच्या चालीत आहे. त्याला सूर्याभोवती फिरायला 248 वर्षं लागतात. 1930 च्या सुमारास तो वर्षाला सव्वा अंशाच्या आसपास सरकत होता. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या सगळ्यांचा प्लूटो जवळपास एकाच जागी असतो. टेलरचा स्वतःचा प्लूटो कर्केत 20 अंशांवर आहे, म्हणजे शुक्र-प्लूटो केंद्रयोग तिच्या स्वतःच्याच पत्रिकेत आहे. ती आपल्या वयाच्या कुणाच्याही प्रेमात पडली असती, तरी त्याचा प्लूटो तिच्या शुक्रावर आलाच असता. ज्योतिषाच्याच भाषेत बोलायचं तर हा योग तिने माहेराहून आणला होता. बर्टनने तो दिला नाही.

म्हणून माझा क्रम आता ठरला आहे. आधी वयातलं अंतर बघायचं. ते पाच-सहा वर्षांच्या आत असेल, तर ज्याच्या शुक्रावर वा चंद्रावर प्लूटो आलाय त्याची स्वतःची पत्रिका उघडायची. तिथे तोच योग असेल, तर जोडीदाराविषयी त्यातून काहीच नवं कळत नाही. अंतर बारा-पंधरा वर्षांचं असेल, तर मात्र समोरच्याचा प्लूटो वेगळ्या जागी असतो आणि तो योग खरोखर त्या दोघांचा म्हणता येतो. टॉडच्या बाबतीत असं अंतर होतं, पण तिथे योगच नव्हता.

दुसरी गोष्ट दीप्तांशांची, म्हणजे योग किती अंशांपर्यंत धरायचा याची. काही जण आठ अंशांपर्यंत धरतात. युती, प्रतियोग आणि दोन बाजूंचे केंद्रयोग मिळून चार जागा. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ अंश धरले तर 360 पैकी 64 अंश झाले. दोघांचे शुक्र आणि दोघांचे चंद्र असे चार ग्रह तपासायचे असतात. हिशेब केला तर साधारण निम्म्या जोडप्यांत कुठला ना कुठला योग सापडतोच. तीन अंशांपर्यंतच धरलं तरी चारातल्या एका जोडप्यात सापडतो. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही दोन माणसांत ज्याची इतकी शक्यता, त्यावरून कुणाचा नवरा संशयी निघेल हे सांगायला मी धजत नाही. असे योग आणि प्रत्यक्षातला ताबा यांचा मेळ कुणी मोजून सिद्ध केलेला मला माहीत नाही. ही बोलण्यासाठीची भाषा आहे, आणि ती त्याच मापाने वापरावी असं मला मनापासून वाटतं.

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती. ओळख लपवण्यासाठी थोडे तपशील बदलते. तिचा जन्म फेब्रुवारी 1994 चा, होणाऱ्या नवऱ्याचा नोव्हेंबर 1993 चा. तिने फोनवर दोन्ही कुंडल्या उघडून माझ्यासमोर धरल्या. निरयन मांडणीत तिचा शुक्र कुंभेत तीन अंशांवर होता आणि त्याचा प्लूटो वृश्चिकेत एका अंशावर. ती म्हणाली, “ताई, आमचं पूर्वजन्माचं काहीतरी आहे. तो माझ्याशिवाय राहूच शकत नाही. मी ऑफिसातून निघाले की लोकेशन पाठवायचं, रिक्षात बसले की फोटो पाठवायचा. प्लूटोचं असंच असतं ना?”

मी तिला तिचाच प्लूटो दाखवला. वृश्चिकेत चार अंशांवर, तिच्या शुक्राशी एका अंशाच्या फरकाने काटकोनात. म्हटलं, “हा योग तुझा आहे. तुझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाशी लग्न ठरवलं असतंस तरी हाच दिसला असता. कुणी घट्ट धरून ठेवलं की त्यालाच प्रेम म्हणायची तुला सवय आहे का, एवढंच हा विचारतोय. फोटो पाठवायला लावणं हे त्याचं वागणं आहे, ते प्लूटोच्या नावावर टाकू नकोस.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “पण तो वाईट नाही हो.”

मी ते नाकारलं नाही. माझ्या वहीतलं एक पान फाडून तिला दिलं आणि साखरपुड्यापासूनच्या आठ महिन्यांत तिने काय काय करणं सोडलं ते लिही म्हटलं. पत्रिकेतलं काही नको, फक्त सोडलेलं. त्याला सांगून सोडलं असेल तर तेही लिही, आणि भांडण नको म्हणून आपणहून सोडलं असेल तर तेही. घरातल्या छळाविरुद्धचा 2005 चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळही मोजतो, हे तिला माहीत नव्हतं. तेही सांगितलं, पण धाक घालायला नाही.

तिने बराच वेळ लिहिलं. वरच्या ओळींत मामेबहिणीचं लग्न होतं, शनिवारचा गाण्याचा क्लास होता, कॉलेजच्या मित्रांचा ग्रुप होता. खाली एक ओळ लिहून तिने खोडली होती, आणि परत लिहिली होती: रात्री आईशी फोनवर बोलणं.