नीटची वर्षं अर्जात कशी लिहावीत

बारावीनंतर लातूरला राहून पुन्हा दोनदा नीट दिलेली मुलगी परदेशी विद्यापीठात जीवशास्त्रासाठी अर्ज करते, तेव्हा तिने ती वर्षं लपवू नयेत. गुणपत्रिकेवरच्या तारखांतून ती दिसतातच. दोन वाक्यं पुरतात: ‘२०२२ ते २०२४ मी नीटची तयारी केली. वैद्यकीय प्रवेशाइतके गुण मिळाले नाहीत.’ पेपर, क्लास, कटऑफ यांची तक्रार सुरू झाली की वाचणाऱ्याला अर्जदार दिसेनाशी होते. ‘वर्षं वाया गेली’ हेही खोडावं. उरलेली जागा विषयाची. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. त्यातल्या आनुवंशिकतेच्या वंशावळी सोडवताना ती रमली, उत्तर सापडल्यावरही वाचत राहिली. तेच नेमकं लिहावं. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत गॅपचं प्रतिज्ञापत्रही मागतात. तिथे अर्जातल्या आणि प्रतिज्ञापत्रातल्या तारखा जुळायलाच हव्यात.