पाकिटातील साखर कशी मोजावी?

बंद पाकिटातील खाद्यपदार्थ विकत घेताना पाकिटाचा पुढचा भाग डोळ्यांत भरतो. परंतु खरी माहिती मागील बाजूच्या बारीक अक्षरांत असते. ती बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. बिस्किटांच्या एका पाकिटाच्या उदाहरणावरून ती वाचण्याची रीत समजून घेऊ.

प्रथम निव्वळ वजन पाहावे. समजा, ते 150 ग्रॅम आहे. पोषणमूल्यांच्या तक्त्यात 100 ग्रॅमसाठीचे आकडे दिले असून ‘ॲडेड शुगर्स’ म्हणजे वरून घातलेली साखर 24 ग्रॅम आहे. त्यावरील ‘टोटल शुगर्स’ या ओळीत दूध किंवा फळांतील नैसर्गिक साखरही धरलेली असते, म्हणून तो आकडा याहून मोठा असू शकतो.

आता ‘सर्व्हिंग साइझ’, म्हणजे एका वेळी खाण्याचे गृहीत धरलेले प्रमाण पाहावे. येथे ते 25 ग्रॅम आहे. त्यात 6 ग्रॅम साखर येते आणि तिच्यापुढे 12 टक्के असे छापलेले असते. दिवसाला 2000 किलोकॅलरी आहार घेणाऱ्या प्रौढासाठी वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण 50 ग्रॅम धरले आहे. ही टक्केवारी त्या 50 ग्रॅमची आहे. मात्र हे प्रमाण उत्पादकाने ठरवलेले असते. चहासोबत अर्धे पाकीट संपले, तर पोटात 18 ग्रॅम, म्हणजे 36 टक्के साखर गेली. पूर्ण पाकिटात ती 36 ग्रॅम, म्हणजे सुमारे सात चमचे असते. चहातील साखर याखेरीज. लहान मुलांचा आहार कमी असल्याने त्यांच्या बाबतीत हा वाटा छापील टक्केवारीपेक्षा मोठा ठरतो.

यानंतर घटकांची यादी, म्हणजे ‘इन्ग्रेडियंट्स’, वाचावी. पदार्थ तयार करताना जो घटक वजनाने सर्वांत जास्त वापरला, तो प्रथम लिहिला जातो आणि पुढे उतरत्या क्रमाने इतर घटक येतात. ‘मैदा, साखर, पामतेल, इन्व्हर्ट सिरप, ओट्स (4 टक्के)’ अशी यादी असेल, तर पुढील बाजूस ओट्सचे चित्र असले तरी बिस्किट मुख्यतः मैद्याचे आहे, हे ओळखावे. इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच रूपे आहेत. ती निरनिराळ्या नावांनी विखुरली की प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो आणि साखर कमी असल्याचा भास होतो. म्हणून यादी आणि तक्ता एकत्र वाचावेत.

घरात कोणास मधुमेह असल्यास केवळ साखरेची ओळ पाहून थांबू नये. मैद्याचेही पचनानंतर ग्लुकोजच होते. त्यामुळे ‘शुगर फ्री’ बिस्किटानेही रक्तातील साखर वाढू शकते. अशा वेळी ‘कार्बोहायड्रेट’ म्हणजे कर्बोदकांची ओळ पाहावी आणि आपण प्रत्यक्ष खातो तेवढ्या वजनाचा हिशेब करावा. खाण्याचे योग्य प्रमाण ठरवण्यासाठी दवाखान्यात येताना पाकीट सोबत आणावे.