सोयाबीन उगवलं नाही, तर विक्रेत्याला काय लिहावं?

‘बियाणं बोगस निघालं’ एवढ्या पत्राने काही होत नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते, म्हणून पत्रात आकडा हवा. पिशवीत उरलेले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठवड्याने कोंब मोजा; 42 निघाले तर 42च लिहा. लॉट क्रमांक, पेरणीची तारीख, पाऊस आणि पेरणीची खोलीही द्या, नाहीतर ‘खोल पेरलंत’ हे उत्तर ठरलेलंच. बियाणं बदलून मागा; दुबार पेरणीचा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न वेगवेगळं मांडा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार देऊन पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका. मूळ पावती, पिशवी आणि टॅग स्वतःकडेच ठेवा. पत्राला झेरॉक्स जोडा.