काउंटरपलीकडच्या माणसाचा निरोप

सहकारी बँकेतल्या कारकुनाच्या निरोप समारंभातली भाषणं ऐकली, की एक गोष्ट हमखास जाणवते. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, सदा हसतमुख ही विशेषणं मागच्या वर्षी शिपायाला लावली होती, पुढच्या वर्षी शाखाधिकाऱ्यांना लागतील. त्यांतून त्या माणसाने पस्तीस-छत्तीस वर्षं केलं काय, हे कळतच नाही. दोष बोलणाऱ्याचा एकट्याचा नाही. कारकुनाचं चांगलं काम म्हणजे न झालेली चूक, आणि न झालेल्या गोष्टीचा किस्सा कसा सांगायचा?

त्यासाठी भाषण लिहिण्याआधी जुन्या सहकाऱ्यांना ‘स्वभाव कसा होता’ हे विचारू नये. ‘ताळा जमला नाही, की हे काय करायचे?’ असं विचारावं.

1988 च्या सुमारास नोकरीला लागलेल्या माणसाने हाती लिहिलेल्या खतावण्या पाहिलेल्या असतात. दिवसभराची व्हाउचरं कीर्दीत, तिथून खात्यांवर, आणि शेवटी तेरीज. तेरजेच्या दोन बाजूंत 90 रुपयांचा फरक आला, तर नवखा माणूस पुन्हा पहिल्यापासून बेरीज मारायला बसे. मुरलेला कारकून आधी फरकाला नऊने भागून बघे. भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय. 4,560 च्या जागी 4,650 लिहिले, की फरक बरोबर 90 येतो. भागाकार 10 आला, म्हणजे दशक आणि शतकाच्या घरातले, एकाने कमी-जास्त असलेले आकडे उलटलेत का ते बघायचं. नऊने भाग गेला नाही, तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण नावेची नोंद जमेला पडली की फरक दुप्पट होतो. ही काही रामबाण युक्ती नव्हे. दोन चुका एकात एक मिसळल्या, की ती फसते आणि सगळी व्हाउचरं पुन्हा काढावीच लागतात. 31 मार्चला घरी जायला मध्यरात्र का होई, ते यावरून कळावं. हा तपशील सांगितला, तर पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीलाही त्या रात्रींचा हिशेब लागतो.

दुसरा प्रश्न, ग्राहकांना हे काय सांगायचे? बचत खात्यावरचं व्याज 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेनंतर अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच ते मिळे. खात्यात महिनाभर 20,000 रुपये आहेत आणि 28 तारखेला कोणी 18,000 काढले, तर व्याज उरलेल्या दोन हजारांवर. साडेतीन टक्के दर धरला, तर 58 रुपयांऐवजी सहासुद्धा नाहीत. ‘काकू, फार नड नसेल तर एक तारखेला या,’ असं स्लिप हातात घेऊन सांगणारा कारकून नियमात कुठेच नव्हता. भाषणात अशी एक काकू आली पाहिजे. मात्र नावाने नाही! कोणाचं कर्ज थकलं, कोणाचा चेक परत गेला, हे किस्से कितीही रंगतदार असले तरी माइकवर नकोत. समारंभाला खातेदारही आलेले असतात.

मग संगणक. इथे बहुतेक वक्ते ‘काळानुसार बदलले’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात कोअर बँकिंग आलं, तेव्हा जुन्या खतावणीतली प्रत्येक शिल्लक, नावाचं स्पेलिंग, सहीचा नमुना आणि वारसाची नोंद कुणीतरी पडताळून नव्या यंत्रणेत नेली. एकाच नावाच्या तीन खातेदारांपैकी कोणता कुणाचा, हे यंत्राला नाही, यांना माहीत होतं. तसा एखादा घोळ यांनी निस्तरला असेल, तर तो सांगावा.

एवढ्यातून भाषण कसं उभं राहतं, ते पाहा:

‘काकांची आणि माझी पहिली ओळख नव्वद रुपयांमुळे झाली. माझी तेरीज जमेना. काकांनी कागद बघितला, नऊने भागलं आणि म्हणाले, चहा सांग, तोवर सापडेल. चहा यायच्या आत सापडले. चूक माझी होती. साहेबांना ती काकांनी कधी सांगितली नाही.’

पाच-सहा मिनिटं पुरे. साहेबच होऊ शकले नाहीत, असा सूर तर नकोच. बढतीबरोबर बदली येते आणि काहीजण ती विचार करून नाकारतात. कारण माहीत नसेल, तर तो विषय काढू नये. ग्रॅच्युइटीचा आकडाही जाहीर करू नये; तो चेक केबिनमध्ये द्यावा, शाल-श्रीफळ व्यासपीठावर. आणि सत्कारमूर्तींना बोलायला संचालकांच्या आधी वेळ द्यावा, कारण संचालक बोलून होईपर्यंत अर्धी मंडळी जेवणाच्या रांगेत गेलेली असतात.