पगारावर कोर्टाची जप्ती आली, तर हातात किती पडतो?

मैत्रिणींनो, गटात आपण एकमेकींना जामीन राहतो ते नेहमीचं आहे. पण गटाबाहेर, फायनान्स कंपनीच्या कर्जाला किंवा नातेवाइकाच्या गाडीला सही केली आणि कर्जदाराने हप्ते थकवले, तर दावा जामीनदारावरही होतो. हुकूमनामा झाला की धनको दरखास्त लावतो आणि कोर्ट पगार देणाऱ्या मालकाला जप्तीचा हुकूम पाठवते. मग कंपनी दर महिन्याला पगारातून रक्कम कापून कोर्टात भरते. कंपनीने कापायचं टाळलं तर ती रक्कम कंपनीवरच बसते, म्हणून साहेबांना विनवणी करून उपयोग नसतो.

पण सगळा पगार कापता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये हिशेब ठरवून दिला आहे. पगारातले पहिले 1000 रुपये सोडायचे. उरलेल्याचे तीन भाग करायचे, त्यातले दोन आपले. जप्ती फक्त एका भागावर.

समजा, टिटवाळ्याची एक ताई ठाण्यातल्या खाजगी ऑफिसात क्लार्क आहे आणि तिच्यावर कल्याणच्या दिवाणी कोर्टाचा 3 लाखांचा हुकूमनामा आहे. महिन्याचा एकूण पगार 25,000. त्यातून 1000 सोडले, राहिले 24,000. त्याचा तिसरा हिस्सा 8,000, तेवढाच कोर्टात जाईल. उरले 17,000. मात्र हे सगळे तिच्या हातात पडत नाहीत. कायदा पगार मोजतो तो एकूण, हातात येणारा नव्हे. त्यामुळे पीएफचे 1,800 या उरलेल्यातून जातात आणि हातात 15,200 येतात. आधी 23,200 येत होते. गटाचा हप्ता, मुलांची फी, लोकलचा पास हे आता 15,200 मध्ये बसवायचं. ऑफिसच्या पतपेढीचा हप्ताही पगारातून कापला जात असेल, तर हातात आणखी कमी पडेल.

इथे हिशेबनीसाकडून हमखास होणारी गफलत अशी, की तो 1000 न सोडता सरळ 25,000 चा तिसरा हिस्सा काढतो. ते होतात 8,333. महिन्याला 333 रुपये जादा गेले, तर दोन वर्षांत जवळजवळ 8,000, म्हणजे एका महिन्याची कपात फुकट. पगाराची चिठ्ठी घ्या, एकूण पगारातून 1000 वजा करा, तीनने भागा. आकडा जुळला नाही, तर हुकूम काढणाऱ्या कोर्टातच दरखास्तीचा नंबर लिहून अर्ज द्यायचा. वकील परवडत नसेल तर कल्याण तालुका विधी सेवा समिती किंवा ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

कपात कायमचीही चालत नाही. एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिने जप्ती झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी तुमचा पगार कायमचा सुटतो. आपल्या ताईचे तोवर 1,92,000 जातील. पण बाकीचं कर्ज माफ झालं असं समजू नका. धनको तिच्या दुसऱ्या मालमत्तेकडे वळू शकतो. दुसरा कुणी धनको असेल, तर त्यालाही पगारावर यायला पुढचे 12 महिने थांबावं लागतं. म्हणून कपातीच्या पहिल्या महिन्याची चिठ्ठी जपून ठेवा. महिने मोजायचं काम दुसरं कुणी तुमच्यासाठी करत नाही.

मजुरी करणाऱ्यांना आणि घरकाम करणाऱ्यांना तर हा हिशेबच लागू नाही. डोंबिवलीत चार घरी भांडी-धुणं करणाऱ्या ताईची किंवा एमआयडीसीत हाताने काम करणाऱ्या कामगाराची मजुरी कर्जासाठी जप्तच होत नाही, बोनससुद्धा नाही. कंपनीने तरीही कापली, तर ‘मी मजूर आहे’ हे कोर्टाला आपणच सांगावं लागतं, कामाचा पुरावा जोडून.

वसुलीवाला कधी कधी कागदावर लिहून घेतो, ‘माझी पूर्ण पगारकपातीला संमती आहे.’ कलम 60 ची सूट सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. सही केली असेल तरी घाबरू नका. आणि कोर्टाचं नाव, शिक्का, दरखास्त नंबर नसलेली नोटीस म्हणजे जप्तीचा हुकूम नव्हे.

पोटगीचं गणित मात्र उलटं आहे. तिथे नवऱ्याच्या पगाराचा तिसरा हिस्साच त्याला सुरक्षित, बाकी दोन हिश्श्यांपर्यंत जप्ती येऊ शकते. 25,000 पगार असेल तर 16,667 पर्यंत. अर्थात कोर्टाने 6,000 मंजूर केले असतील तर महिन्याचे 6,000 च मिळतील, थकबाकी असेल तर ती त्या मर्यादेत वाढीव कापता येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20 खाली तर मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला पगारातला भाग थेट बायकोला द्यायला सांगू शकतात. त्यासाठी नवरा कुठे काम करतो, त्या कंपनीचा पूर्ण पत्ता आणि जमलं तर त्याची एखादी पगारचिठ्ठी अर्जाबरोबर द्या.