उणे संख्येचे एका बिटाचे स्मरण

केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली कार्यान्वित झालेल्या ‘एडसॅक’ या संगणकात संख्येचे सारे बिट एकदम येत नसत. ते एका तारेवरून एकामागून एक येत. अशा वेळी अधिक संख्येची उणे संख्या कशी करावी?

संगणक उणे संख्या ‘टूज कॉम्प्लिमेंट’ पद्धतीने लिहितो. संख्येतील प्रत्येक बिट उलटा करायचा आणि येणाऱ्या उत्तरात १ मिळवायचा, हा तिचा नियम. उलटवल्यावर उजवीकडच्या शून्यांचे एक होतात. त्यांत १ मिळवला की हातचा डावीकडे सरकत जातो व त्यांना पुन्हा शून्य करतो. मूळ संख्येतील पहिला १ जेथे असतो, तेथे हा हातचा संपतो आणि तो १ तसाच राहतो. त्यापुढचे बिट मात्र उलटेच राहतात.

म्हणजे उजवीकडून वाचताना यंत्राला एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते: पहिला १ येऊन गेला की नाही? म्हणून त्याला दोनच अवस्था पुरतात. पहिल्या अवस्थेत आलेला बिट तसाच बाहेर जातो. १ आला की तोही तसाच जातो, पण यंत्र दुसऱ्या अवस्थेत शिरते. तेथे प्रत्येक बिट उलटा होतो व अवस्था बदलत नाही.

उदाहरणार्थ, २० ही संख्या आठ बिटांत ०००१०१०० अशी लिहितात. उजवीकडून ०, ०, १, ०, १, ०, ०, ० असे बिट येतात आणि ०, ०, १, १, ०, १, १, १ असे बाहेर पडतात. नेहमीच्या क्रमाने ते १११०११००, म्हणजेच उणे २० होतात. डावीकडून वाचल्यास हे साधत नाही. पुढे कोठे १ आहे हे कळेपर्यंत पहिला बिटही ठरवता येत नाही.

प्रत्यक्ष मंडलात अवस्था एका फ्लिप-फ्लॉपमध्ये राहते. आलेला बिट व अवस्था यांचे ‘एक्सॉर’ हे उत्तर, तर त्यांचेच ‘ऑर’ ही पुढची अवस्था.

येथे नेहमीची चूक म्हणजे नवी संख्या सुरू होण्यापूर्वी फ्लिप-फ्लॉप शून्यावर न आणणे. मग पहिली संख्या बरोबर येते. पण ती शून्य नसेल, तर पुढच्या संख्येचे सारेच बिट उलटतात आणि २० चे उणे २१ होतात. चाचणीत नेमका एकाचा फरक दिसला, तर दोष येथेच शोधावा.

एक मर्यादा मात्र यंत्र टाळू शकत नाही. आठ बिटांत उणे १२८ बसते, अधिक १२८ बसत नाही. त्यामुळे १००००००० आत गेल्यास तेच बाहेर येते. आत व बाहेर दोन्हीकडे शेवटचा, म्हणजे चिन्हाचा बिट १ असणे, ही त्याची खूण होय.